मैत्री आमसूल नको म्हणाली

नम्रता गायकवाडला मी कधी झोपलेली पाहिलेली नाही, आणि पुरती जागी अशीही क्वचितच. पोरांना वरणभात भरवताना तिचे डोळे अर्धे मिटलेले असतात. पण मागच्या कोपऱ्यात कुणी खडू तोंडात घातला, की डोळे न उघडताच तिच्या तोंडून येतं, "काढ तो." आणि खडू निघतो.

आमची इमारत येरवड्यात. मी तळमजल्यावर राहते, ती माझ्या डोक्यावर. माझ्या छतावर दिवसभर लहान लहान पावलं धावत असतात, आणि दुपारी जेवणं झाली की एकदम थांबतात. तिचं पाळणाघर हॉलमध्ये भरतं. आतल्या खोलीत तिचा नवरा संजय झोपलेला असतो. त्याला रांजणगावच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी. कंपनीची बस त्याला सकाळी कोपऱ्यावर सोडते तेव्हा पहिलं पोर जिना चढत असतं. दोघं बरोबरच वर जातात, एक झोपायला आणि एक खेळायला. त्यामुळे नम्रताच्या पाळणाघराचा एकच कडक नियम आहे, काका झोपलेत. तिच्याकडची मुलं रडतातसुद्धा हळू आवाजात.

त्यांचे आईबाप बहुतेक खराडीच्या, कल्याणीनगरच्या ऑफिसांत. "मुलीला येरवड्यात ठेवलंय," असं ऑफिसात सांगितलं की हशा होतो म्हणे. नम्रता हा विनोद प्रत्येक नव्या आईकडून एकदा ऐकून घेते आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते. दमलेलं माणूस हसतं तसं, तोंडाच्या एकाच बाजूनं.

हे सगळं चाललं होतं ते भरवशावर. भिंतीला कॅमेरे नाहीत, इंग्रजी नाव नाही, दारावर फुगे रंगवलेले नाहीत. नम्रताताई सांगते ते खरं असतं, एवढ्यावर लोक मुलं सोडून जात. गेल्या दिवाळीच्या आधी त्या भरवशाला तडा गेला, आणि तो तिनं स्वतःच पाडला.

झालं असं, की शौनक नावाच्या मुलाचा गाल सुजला. शौनक पाच वर्षांचा, इथूनच दोन तास शाळेत जाऊन येणारा, तोंडानं चालू. सकाळी बरा होता, दुपारी एक गाल फुगून आला. नम्रताच्या सासूबाई, सुंदराबाई, त्या दिवशी गावाहून आल्या होत्या. त्यांच्याकडे अशा वेळची एक पारख होती. पोराच्या जिभेवर लिंबाची फोड ठेवायची. कळ गालात, कानापाशी गेली तर गालगुंड.

नम्रतानं फोड ठेवली. शौनकनं डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं केलं, गाल धरला आणि नियम मोडून मोठ्यानं बोंब ठोकली. आतून संजय उठून आला.

"गालगुंडच," सुंदराबाई म्हणाल्या.

नम्रतानं लगेच सगळ्या आईबापांना निरोप धाडला, गालगुंडाची साथ दिसते, मुलांना घेऊन जा. लोक मीटिंगा सोडून धावले. शौनकची आई भाग्यश्री तर हेल्मेट न काढताच वर आली. तिनं मुलाला तसंच डॉक्टर रणपिसेबाईंकडे नेलं. त्यांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. जीव राहवेना म्हणून मागोमाग नम्रताही गेली, आणि सोबतीला मला ओढून नेलं.

रणपिसेबाई मुलांच्या डॉक्टर. वय माझ्याएवढं, बोलणं कापल्यासारखं. त्यांनी शौनकच्या जबड्यावरून दोन बोटं फिरवली, त्याला पाठमोरा उभा केला, मग तोंडात बॅटरी मारली.

"गालगुंड कुणी सांगितलं?"

नम्रता म्हणाली, "मी. लिंबू चाटवून बघितलं."

"लिंबू चाटवून निदान होत असतं तर मी एवढं शिकले नसते. मंडईत गाळा घेतला असता." त्यांनी शौनकचा ओठ बोटानं ओढून दाखवला. "ही दाढ बघा. दुधाची आहे, आतून पोखरलीय. हिरडीला पू धरलाय. सूज आहे ती गालाच्या खालच्या भागात. जबड्याचा कोपरा माझ्या बोटाला स्वच्छ लागतो. गालगुंडात सुजते ती कानासमोरची लाळेची गाठ. ती कानासमोरून कानाखाली उतरते आणि हा कोपराच बुजवून टाकते. कानाची पाळी वर, बाहेर ढकलली जाते. मागून बघितलं की कळतं. ह्याच्या दोन्ही पाळ्या जागेवर आहेत. दातांच्या डॉक्टरकडे न्या."

"पण लिंबानं तो किंचाळला हो," नम्रता पुटपुटली.

"किडक्या दाढेवर लिंबू पिळल्यावर तुम्ही गाणं म्हटलं असतं का?"

भाग्यश्रीनं फी भरली. बाहेर पायरीवर बोलली. "नम्रताताई, मी एका माणसाची मुलाखत अर्ध्यात सोडून आले. ग्रुपवर तुम्ही साथ आली म्हणून लिहिलंत. साथ! तुम्ही मुलं सांभाळा ना. डॉक्टरकी कशाला करता?"

त्या महिन्यात दोन मुलं कॅमेरेवाल्या पाळणाघरात गेली. भाग्यश्रीनं शौनकला ठेवलं, कारण शौनकनं दुसरीकडे जायला साफ नकार दिला. पण सकाळी सोडताना ती विचारायची, "आज काही साथ नाही ना?" नम्रता तोंडाच्या एका बाजूनं हसायची.

मला मात्र ती एका संध्याकाळी जिन्यात म्हणाली, "काकू, आता परत चुकले ना, तर हे बंदच समजा. संजयची कंपनी आज आहे, उद्याचं कोण सांगतं? आता मी तोंड उघडणार नाही. पोराला शिंग फुटलं तरी म्हणेन, आईनं बघावं."

हे मनाशी ठरवून तिनं दिवाळी काढली, थंडी काढली. होळीच्या आधीच्या त्या कोरड्या, धुळीच्या दिवसांत सगळ्या पुणे शहरातली पोरं शिंकत असतात. तेव्हाची ही गोष्ट.

मैत्री तिच्याकडे येऊन वर्ष झालं होतं. चार वर्षांची, शेंडीएवढ्या दोन वेण्या, नागपूरकडचे आईबाप. आई चैताली आणि बाप आनंद, दोघंही खराडीला एकाच इमारतीत, वेगवेगळ्या कंपन्यांत. मैत्रीला गोडाचं वेड नाही. तिचं वेड आंबट. नम्रताच्या ओट्यावर आमसुलांची काचेची बरणी असते, आमटीसाठी. जेवण झालं की मैत्री त्या बरणीखाली येऊन उभी राहते. बोलत नाही, नुसती वर बघत राहते. एक आमसूल मिळालं की गाल आत ओढून ते चघळत बसते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. एखाद्या दिवशी नम्रता विसरली तर ही झोपायचीच नाही.

त्या सोमवारी ती सकाळपासून गप्प होती. अंग जरा कोमट. चैतालीनं सोडताना सांगितलं होतं, "रात्री कान दुखतो म्हणत होती. सर्दी झाली असेल, औषध दिलंय." जेवताना मैत्रीनं भात एकाच बाजूनं चावला, मग चावणंच सोडलं. "नको."

नम्रताला वाटलं, सर्दीच असेल. तिनं इतरांची तोंडं पुसली, ताटं उचलली. तेवढ्यात शौनकनं आठवण करून दिली, "मावशी, हिचं आमसूल!"

नम्रतानं बरणी उतरवली, झाकण उघडलं आणि मैत्रीपुढे धरली. वास आला तशी मैत्रीनं तळहात कानाच्या पुढे दाबून धरला. तिचा चेहराच वाकडा झाला. तोंडात अजून काही गेलंच नव्हतं.

"नको मावशी. दुखतं."

"कुठे दुखतं, सोन्या?"

"इथे. पाणी येतं तिथे."

हे मला नम्रतानं नंतर सांगितलं, आणि ती म्हणाली, "काकू, माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं." लिंबानं सगळीच पोरं तोंड वाकडं करतात, हा धडा तिनं चारचौघांत घेतला होता. पण हे पोर आंबटासाठी जीव टाकणारं. त्यानं नुसत्या वासानं गाल धरावा?

तिनं मैत्रीला खिडकीपाशी नेलं आणि पाठमोरी उभी केली. वेण्या वर धरल्या. डावी पाळी नीट खाली लोंबत होती. उजवी जरा उचललेली, बाहेर आलेली. जशी कुणी मागून बोटानं ढकलली असावी.

वरून तिनं मला हाक मारली. जोरात नाही, काका झोपलेले. जिन्याच्या कठड्यावर चमचा वाजवला, ती आमची खूण.

मी वर गेले तर ती मैत्रीच्या मागे गुडघ्यांवर बसलेली. बाकीची चार मुलं सतरंजीवर आडवी, शौनकचे डोळे टक्क उघडे.

"काकू, बघा. मला दिसतंय ते खरं आहे, का मला गालगुंडाचं भूत लागलंय?"

मी पाहिलं. समोरून चेहरा जरा भरल्यासारखा वाटत होता, एवढंच. कुणी सांगितलं नसतं तर मी म्हटलं असतं, पोर बाळसं धरतंय. मागून मात्र दोन कान दोन तऱ्हेचे होते. मी जबड्याच्या कोपऱ्यावर हलकं बोट ठेवलं. डावीकडे हाड लागलं. उजवीकडे कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी, आणि मैत्री कळवळून बाजूला झाली.

"मला वाटतं, तेच आहे," मी म्हटलं.

"तुम्हांला वाटतं. मागच्या वेळी सासूबाईंना वाटलं होतं."

ती उठली, ओट्याला टेकून उभी राहिली. चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता थकवा होता. पुन्हा त्याच पायरीवर येऊन उभं राहावं लागलं की माणसाला येतो तसला. आतून संजयच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"बोलले आणि दाढ निघाली तर उद्यापासून हा हॉल रिकामा. न बोलले आणि हे खरं निघालं तर ही चार पोरं..." तिनं सतरंजीकडे बघितलं. शौनकनं चटकन डोळे मिटले.

"मग काय करतेस?"

"फोन करते. पण नाव नाही घेणार."

तिसऱ्यांदा लावल्यावर चैतालीनं फोन उचलला. नम्रतानं फोन स्पीकरवर ठेवला होता, आवाज अगदी बारीक करून.

"मावशी, मी मीटिंगमध्ये आहे."

"मैत्रीचा कानासमोरचा भाग सुजलाय. ताप आहे. खाईना. दवाखान्यात दाखवा."

"परत?" पलीकडे एक उसासा आला. "मावशी, प्लीज. शौनकचं झालं तसंच असेल. दाढबिढ. संध्याकाळी बघते ना मी."

"दाढ असेल. मला माहीत नाही."

"मग?"

नम्रतानं डोळे मिटले. मला वाटलं, आता ही फोन ठेवणार. पण ती म्हणाली, "चैताली, तिनं आमसूल नको म्हटलं."

पलीकडे चैतालीची खुर्ची सरकली. मागे कुणीतरी इंग्रजीत आकडे सांगत होतं.

"मैत्रीनं?"

"बरणी उघडली तर गाल धरून मागे सरकली."

"मी येऊन राहिले," चैताली म्हणाली. घाईत असली की तिच्या तोंडी नागपूर येतं.

ती येईपर्यंत मैत्रीला मी माझ्याकडे खाली नेलं. मला लहानपणी दोन्ही गालांना गालगुंड होऊन गेलंय, एकदा झालं की सहसा परत होत नाही. माझी मुलंही आता मोठी होऊन परगावी आहेत. नम्रतानं मैत्रीचा पेला, चमचा, रुमाल वेगळा करून पिशवीत दिला. जाताना मैत्रीनं विचारलं, "मावशी रागावली का?" मी म्हटलं, "नाही गं, दमलीय." मैत्री म्हणाली, "ती रोजच दमते." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून डाव्या कुशीवर पडून राहिली.

चैताली आली तेव्हा रणपिसेबाईंचा दवाखाना संध्याकाळसाठी नुकता उघडत होता. वर मुलांपाशी संजयला उठवून बसवलं. तो डोळे चोळत सतरंजीवर मांडी घालून बसला आणि शौनकनं त्याला विचारलं, "काका, आता आम्ही मोठ्यानं बोलू?" दवाखान्यात आम्ही तिघी गेलो. नम्रता आत यायला तयार नव्हती. "मी बाहेर थांबते. मला बघितलं की त्या भाजीबद्दल विचारतील." चैतालीनंच तिला दंडाला धरून आत घेतलं.

बाईंनी तिला ओळखलं. "या. आज कोणतं फळ?"

"काही नाही चाटवलं," नम्रता म्हणाली. "तिनं स्वतःच नको म्हटलं."

बाईंनी बॅटरी उचलली. मैत्रीला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि आधी मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग समोर आल्या. दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही जबडे एकदम चाचपले, डावीकडे आणि उजवीकडे. मग "आ कर, सिंहासारखा," म्हणून बॅटरी मारली, दाढा एकेक करून पाहिल्या, हिरड्या दाबल्या. मग चमच्यानं गाल आतून बाजूला करून बराच वेळ बघत राहिल्या. मान पुढे वाकवून पाहिली, हनुवटी छातीला टेकते का ते. पोट दाबलं. कानात पाहिलं.

"आई, इकडे या," त्यांनी चैतालीला बोलावलं. "वरच्या दाढेसमोर, गालाच्या आतून हा लाल ठिपका दिसतो? लाळेची नळी इथे उघडते. सुजलीय. मी बाहेरून गाठ दाबली, पू नाही आला. दाढा स्वच्छ आहेत. जबड्याचा कोपरा उजवीकडे लागत नाही. कानाची पाळी उचलली गेलीय. ताप आहे, चावताना दुखतं, आंबटानं जास्त दुखतं कारण लाळ सुटते. या आठवड्यात याच भागातली अशी आणखी मुलं माझ्याकडे येऊन गेलीत. हे गालगुंड आहे."

नम्रता भिंतीला टेकली.

"पण एकाच बाजूला आहे," चैताली म्हणाली. "गालगुंड दोन्हीकडे येतं ना?"

"कधी दोन्हीकडे एकदम, कधी दोनतीन दिवसांनी दुसरीकडे, कधी येतच नाही. एका बाजूला आहे म्हणून दाढच असं नाही, आणि गाल सुजला म्हणून गालगुंडच असंही नाही." हे म्हणताना त्यांनी नम्रताकडे पाहिलं, पण त्यात टोमणा नव्हता. "हवी असेल तर तपासणी करता येते. इथे मला गरज वाटत नाही."

"हिच्या सगळ्या लसी झाल्यात, मॅडम. महापालिकेच्या दवाखान्यात. एकही चुकवली नाही आम्ही."

"गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंडाची नसते. ती बाहेर वेगळी घ्यावी लागते, आणि ते बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. तुमची चूक नाही."

मग त्या लिहीत लिहीत सांगत गेल्या. हा विषाणू आहे, अँटिबायोटिक मागू नका. तापाचं, दुखण्याचं औषध वजनाप्रमाणे. पाणी, पेज, मऊ खिचडी. आंबट, मसालेदार सध्या नाही. हवं तर थंड पाण्याची पट्टी गालाला. सूज आली त्या दिवसापासून पाच दिवस घरी. डोकं फार दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, मान ताठली, पोटात कळ आली किंवा ऐकू कमी येतंय असं वाटलं, तर वाट बघत बसायचं नाही. लगेच आणायचं.

"आणि कुणी म्हातारं माणूस लेप लावायला सांगेल. काही उपयोग नाही. वर थापलं की सूज वाढली का कमी झाली तेही मला दिसत नाही."

"बाकीची मुलं?" नम्रतानं विचारलं. इतका वेळ तिला एवढंच विचारायचं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

बाईंनी पेन ठेवलं. "सूज दिसायच्या एकदोन दिवस आधीपासून हे पसरतं. शिंकेतून, खोकल्यातून, उष्ट्या पेल्यातून. तुमच्या हॉलमध्ये शनिवारी होती ना ही? मग ज्याला लागायचं त्याला कदाचित लागलंय. दिसेल दोनतीन आठवड्यांनी. बंदच करा असं मी म्हणत नाही. पण सगळ्यांना सांगा. आणि मुलगे असतील तर त्यांच्या आईबापांना सांगा, खाली सूज-दुखणं आलं तर लाजून लपवायचं नाही."

"सांगते," नम्रता म्हणाली.

बाहेर पायरीवर ती बसली. भाग्यश्री बोलली होती तीच पायरी. चैताली मैत्रीला खांद्यावर घेऊन रिक्षा बघत होती. निघताना तिनं वळून फक्त, "मावशी," म्हटलं. मग नम्रताच्या डोक्यावरून हात फिरवला. नम्रता तिच्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल.

मग नम्रतानं फोन काढला. मी शेजारी बसले होते. तिनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी लिहिलं ते असं: मैत्रीला गालगुंड आहे, डॉक्टर रणपिसेबाईंनी तपासून सांगितलंय. तुमच्या मुलांना लागलं असू शकतं. मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं, या वेळी मी सांगत नाहीये, डॉक्टर सांगतायत. मुलांना आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

उत्तरं आली. एकानं नुसता अंगठा धाडला. एकीनं विचारलं, मग उद्यापासून कुठे ठेवू? आणि भाग्यश्रीचं आलं: "या वेळी लिंबू की चिंच?"

नम्रतानं ते वाचलं. "काही लिहू का हिला?"

"लिही काहीतरी. उत्तर दे."

तिनं लिहिलं, "शौनकला पाठमोरा उभा करून रोज कानाच्या पाळ्या बघत जा." आणि फोन पदराखाली घातला.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. माझ्या छतावर एकही पाऊल वाजलं नाही. दुपारी संजय डोळे चोळत खाली आला. "काकू, आज एकही पोर आलं नाही? आवाज नाही म्हणून मला जाग आली." "एकही नाही," मी सांगितलं. तो जिन्यातच बसला. "मग ती कुठेय?"

ती इमारतीमागच्या नळावर सतरंज्या धूत होती. मग खेळणी, मग पेले, मग परत सतरंज्या. मी म्हटलं, "झोप गं जरा. संधी आहे." म्हणाली, "झोपले की हिशेब डोक्यात येतात काकू. काम केलं की येत नाहीत."

असे बरेच दिवस गेले. मैत्रीला दुसऱ्या बाजूलाही आलं, चैतालीनं फोटो पाठवला. दोन्ही पाळ्या पंखांसारख्या बाहेर, आणि मैत्रीचं तोंड रुसलेलं. चैताली आणि आनंद आळीपाळीनं घरून काम करत होते. ताप उतरला, मग सूजही. नम्रताकडे अधूनमधून एखादी आई फोन करायची, पण "कधी उघडताय?" असं कुणी विचारलं नाही. कॅमेरेवाल्या पाळणाघरात जागा शिल्लक आहे का, याची चौकशी मात्र दोघींनी केली होती. हे तिला शौनककडूनच कळलं. तोंडानं चालू पोर, फोनवर सगळं सांगतं.

मग एका सकाळी भाग्यश्रीचा फोन आला. नम्रता माझ्याकडेच चहा घेत होती.

"नम्रताताई, शौनक काल रात्रीपासून कान दुखतो म्हणतोय. तुम्ही जरा व्हिडिओवर बघता का?"

"मी नाही सांगणार, भाग्यश्री. डॉक्टरांकडे ने."

"नेणारच आहे हो. पण मला... आत्ता कळायला नको का? ऑफिसात काय सांगू?"

नम्रतानं कप खाली ठेवला. "मागून बघितलंस का त्याला?"

पलीकडून शौनकचा आवाज आला, "रोज बघते! मी वळून उभा राहतो सकाळी!"

भाग्यश्रीनं त्याला वळवलं. मग म्हणाली, "डावी बाहेर आलीय. काल नव्हती. जबड्याचा कोपरापण लागत नाहीये."

"दाढ?"

"दाढ आपण काढली ना दिवाळीत."

"मग उठ आणि जा. रुमाल तोंडावर बांध त्याच्या. त्याच्या बाबांना झालंय का कधी ते विचार."

भाग्यश्रीनं फोन ठेवला नाही. "ताई, तुमचा निरोप नसता आला, तर मी त्याला आज शाळेत पाठवला असता. स्नेहसंमेलन आहे. सगळा वर्ग मेकअपच्या एका खोलीत बसणार होता."

नम्रतानं थंड झालेला कप पुन्हा उचलला. 

"बरा झाला की आणते तुमच्याकडेच," भाग्यश्री म्हणाली. "आणि ग्रुपवर मीच लिहिते. तुम्ही नका लिहू, तुम्ही जरा पडा."

तिनं लिहिलंही. नेहमीच्या फटकळपणानं लिहिलं, "शौनकला निघालंय. ज्यांनी कॅमेरे बघून ठेवलेत त्यांनी विचारावं, कॅमेऱ्याला कानाच्या पाळ्या दिसतात का."

सगळे काही परत आले नाहीत. एक आई कॅमेरेवाल्याकडेच राहिली, कारण तिथे पैसे आधी भरले होते. पण गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी संजय बसमधून उतरला तेव्हा त्याच्यापुढे जिन्यात मैत्री होती. दोन वेण्या, खांद्याला पाण्याची बाटली, एकेक पायरी मोजून चढणारी. मी दारात उभी राहून पाहिलं.

"काका, तुम्ही झोपायला चाललात?"

"हो. तू?"

"मी आमसूल खायला."

जेवणाच्या वेळी मी मुद्दाम वर गेले, वाटीभर शेवयांची खीर घेऊन. निमित्त. मैत्री बरणीखाली उभी होती, नुसती वर बघत. नम्रतानं बरणी उतरवली, झाकण काढलं आणि थांबली. मैत्रीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मैत्रीनं हात पुढे केला, एक आमसूल उचललं, तोंडात टाकलं आणि गाल आत ओढले. डोळ्यांत पाणी आलं. गाल कुणी धरला नाही.

"मावशी, अजून एक."

"एकच."

"मी आजारी होते ना."

नम्रतानं दुसरं दिलं. मग तिनं मैत्रीला खांद्याला धरून वळवलं, वेण्या वर उचलल्या आणि मागून पाहिलं. दोन्ही पाळ्या खाली लोंबत होत्या, सारख्या.

"काय बघतेस?" मैत्री चघळत म्हणाली.

"काही नाही. झोप आता."

मुलं सतरंजीवर आडवी झाली. नम्रता भिंतीला पाठ लावून बसली, मांडीवर उघडी बरणी. मी खीर ओट्यावर झाकून ठेवून वळले, तेवढ्यात तिची मान कलंडली होती. मी बरणीचं झाकण लावलं. अजून घरीच असलेल्या शौनकच्या रिकाम्या जागेपलीकडून मैत्रीनं तोंडावर बोट ठेवलं आणि मला खूण केली.

"मावशी झोपलीय," ती कुजबुजली.

मी चप्पल हातात घेऊन खाली आले.